‘घरी बोलून सांगतो’ म्हणाला आणि गप्प झाला

सर, मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. क्वालिटी इंजिनीअरच्या जागेसाठी चाकणला नोकरी करणारा एक मुलगा निवडला. मूळचा गेवराईकडचा, त्यालाही इकडे यायचं होतं. सध्या ५ लाख ४० हजारांवर आहे. गेल्या गुरुवारी फोनवर त्याला ६ लाख ६० हजारांची ऑफर सांगितली. “हो मॅडम, घरी बोलून सांगतो,” म्हणाला. आज शुक्रवार, आठवडा उलटला. फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. प्लांट हेड रोज विचारतात, दसऱ्याआधी नाव पक्कं करा म्हणतात. ऑफर लेटर होकार आल्याशिवाय द्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. दुसऱ्या क्रमांकावर जालन्याची एक मुलगी आहे, तिला “प्रोसेस चालू आहे” सांगून थांबवलंय. मुलाच्या अर्जावर वडिलांचा नंबर आहे. त्यांना फोन करू का? आणि त्याला आता नेमकं काय लिहू?
– एक वाचक, वाळूज

ताई, वडिलांना फोन करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगतो. तो नंबर त्याने अडीअडचणीला लागेल म्हणून लिहिला आहे. त्याने घरी अजून विषय काढलाच नसेल, तर चाकणची नोकरी सोडायचं त्याच्या मनात आहे हे वडिलांना तुमच्याकडून कळेल आणि संध्याकाळी घरात वेगळीच चर्चा सुरू होईल. त्याच कारणाने त्याच्या सध्याच्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसालाही विचारू नका. वाळूज आणि चाकणची माणसं एकमेकांना ओळखतात. एका ‘अरे, तुमच्याकडचा तो पोरगा’ने त्याचं तिथलं वर्षभराचं अप्रायझल अडकू शकतं. गप्प राहिला म्हणून एवढी किंमत त्याने मोजावी, असं काही त्याने केलेलं नाही.

आता त्या शांततेकडे बघू. आपल्याकडे सोयरिकीला आलेली मंडळी चहा-पोहे घेऊन उठताना म्हणतात, “घरी बोलून कळवतो.” हे वाक्य ऐकून कुणी मांडववाल्याला सांगायला जात नाही. कधी तो नकार असतो, कधी खरंच घरी बोलायचं असतं, आणि सुपारी फुटेपर्यंत दोन्ही बाजू आपापल्या जागी मोकळ्या असतात. त्या मुलाने तुम्हाला नेमकं तेच वाक्य सांगितलं. तुम्ही ते होकारात धरलंत आणि प्लांट हेडनाही तसंच सांगितलंत, असं पत्रावरून वाटतं. रोजचा ताण तिथून सुरू झाला आहे.

त्याच्या बाजूने बघा. त्या गुरुवारी फोन ठेवला तेव्हा त्याच्याकडे काय होतं? एक आकडा. कागद नाही, मेल नाही, पगाराची फोड नाही. “६ लाख ६० हजार म्हणतात,” एवढंच तो घरी सांगू शकतो. घरातून पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हातात किती पडणार? त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही, आणि तुम्हाला विचारलं तर आपण फक्त पैशाचं बघतो असं वाटेल, ही भीड. आपल्या भागातल्या मुलांत ही भीड मी फार पाहिली आहे. मुलाखतीत ती पगारावर बोलत नाहीत, आणि नंतर एकटी बसून हिशेब करतात.

तो हिशेब आपणही करून बघू. तुमच्याकडची पगाराची मांडणी मला ठाऊक नाही, पण या प्रकारच्या कंपन्यांत साधारण जशी असते तशी धरतो. ६,६०,००० म्हणजे महिन्याला ५५,००० रुपये, आणि त्याच्या डोक्यात हाच आकडा आहे. यातले वर्षाचे ६०,००० कामगिरीवर मिळणारा बोनस असतील तर महिन्याचे ५,००० बाजूला गेले, ते वर्ष संपल्यावर. बेसिक निम्मं, म्हणजे २७,५०० धरू. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी ३,३०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,३२३ रुपये, आणि ती सर्वसाधारणपणे पाच वर्षं टिकला तर हाती येणार. मेडिक्लेमच्या हप्त्याचे ५०० धरू. हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं. ते वजा केलं की महिन्याच्या स्लिपेवर ४४,८७७ उरतात. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ पुन्हा ३,३००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), बस आणि कॅन्टीनचे मिळून ९०० गेले. हातात पडले ४०,४७७. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर लागत नाही, तेवढं तरी सोपं आहे.

चाकणला आज त्याला हातात किती मिळत असतील? ५,४०,००० म्हणजे महिना ४५,०००. तिथे बोनस वेगळा काढलेला नसेल आणि पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी १,८०० रुपयेच कापला जात असेल, तर ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम, व्यवसाय कर आणि कॅन्टीन वजा जाऊन जवळपास ३९,००० हातात येतात. म्हणजे तुम्ही २२ टक्के वाढ दिली आणि त्याच्या खिशात महिन्याला पडणारी वाढ झाली साधारण दीड हजार. गेवराईहून वाळूजला रोज ये-जा जमण्यासारखी नाही, त्यामुळे बजाजनगरला किंवा आसपास खोली इथेही घ्यावीच लागणार. दीड हजारासाठी ओळखीची नोकरी सोडायची का, या प्रश्नावर तो आठ दिवस अडकला असेल तर त्यात नवल नाही.

आणि इथेच तुमच्या हातात एक खरी गोष्ट आहे. ती त्याला कुणी सांगितलेली नाही. तुमच्याकडे पीएफ पूर्ण बेसिकवर जातो, तिथे मर्यादेवर. दोन्ही वाटे मिळून तुमच्याकडे महिन्याला ६,६००, तिथे ३,६००. पेन्शनकडे वळणारा भाग, १,२५० रुपये, दोन्हीकडे सारखाच, कारण तो १५,००० च्या मर्यादेवरच मोजतात. म्हणजे जास्तीचे ३,००० सगळेच्या सगळे त्याच्या पीएफच्या शिल्लकेत पडतात. वर्षाला ३६,०००, त्याचे स्वतःचे. शिवाय बोनसचे ६०,००० आहेत, ते कशावर अवलंबून आहेत आणि गेल्या वर्षी तुमच्याकडच्या लोकांना त्यातले प्रत्यक्ष किती मिळाले हेही त्याला सांगा. गेल्या वर्षी निम्माच बोनस वाटला असेल तर निम्मा म्हणून सांगा. रुजू झाल्यावर त्याला ते पहिल्या आठवड्यात डबा खाताना कळणारच आहे.

माझे आकडे तुमच्या मांडणीने बदलतील. पण हिशेब याच पद्धतीने तुम्ही आज करायचा आहे, आणि त्यासाठी त्याची स्लिप लागेल. मुलाखतीच्या वेळी घेतली असेल तर काढा आणि त्यात पीएफची कपात १,८०० आहे का ते आधी बघा.

थोडं माझ्याबद्दल सांगतो, कारण ‘होकाराआधी लेटर नाही’ या तुमच्या नियमाशी त्याचा संबंध आहे. २००८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी चिकलठाण्याला एका कंपनीत होतो आणि दुसऱ्या एका कंपनीने मला फोनवर जागा सांगितली. “तुम्ही राजीनामा देऊन टाका, लेटर चार दिवसांत येतं,” असं त्यांच्या एचआरनेच सांगितलं. मी विश्वास ठेवला आणि दिला. सोळाव्या दिवशी त्यांचा फोन आला: वरून भरती थांबवली आहे, मंदी आहे. मंदी खरीच होती, वाहन उद्योगाची तेव्हा वाईट अवस्था होती. पण माझ्या हातात दाखवायला एक ओळसुद्धा नव्हती. पुढचे तीन महिने मी परभणीला घरी बसून काढले. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते जास्त लागायचं. तेव्हापासून मी फोनवर ऑफर सांगितली की त्याच संध्याकाळी मेल करतो, कितीही उशीर झाला तरी.

अशा गोष्टी गावोगाव घडलेल्या आहेत आणि मुलांच्या कानावर आहेत. म्हणून तुमचा नियम उलट काम करतो. कंपनीला भीती असते की पोरगा लेटर घेऊन पुण्यात दाखवेल आणि तिथून जास्त मागून घेईल. ती भीती खोटी नाही, असं होतं. पण ज्याला दाखवायचं आहे तो फोनवरचा आकडाही सांगतोच. लेटर अडवल्याने तो थांबत नाही. थांबतो तो सरळ मुलगा, ज्याला कागद पाहिल्याशिवाय हो म्हणायची हिंमत होत नाही. नियम बदलणं तुमच्या हातात नसेल तर सही-शिक्क्याचं लेटर राहू द्या. पद, पगाराची पूर्ण फोड, कामाचं ठिकाण, शिफ्ट आणि उत्तराची तारीख एवढं असलेला साधा मेल कंपनीच्या आयडीवरून पाठवायला प्लांट हेडची परवानगी घ्या. एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आता काय लिहायचं ते. आठ दिवसांत तुम्ही त्याला बहुधा “काही अपडेट?” किंवा “कृपया कन्फर्म करा” असंच लिहिलं असेल. अशा संदेशाचं उत्तर द्यायला त्याला आधी निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय तर अडला आहे. म्हणून तो वाचतो आणि ठेवून देतो. दोन दिवसांनी उशीर झाल्याची लाज वाटते, मग फोन उचलणं आणखी अवघड होतं. याच्यापुढे जो संदेश जाईल त्यात त्याच्या हाती काहीतरी नवीन पडलं पाहिजे, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता आलं पाहिजे, ‘नाही’सुद्धा. मेल इंग्रजीत असू द्या, त्यात फोड जोडा. व्हॉट्सॲप मात्र मराठीत लिहा, कारण तो फोन घरात फिरणार आहे. मी असं लिहिलं असतं:

“नमस्कार. गेल्या गुरुवारी मी तुम्हाला फोनवर ऑफर सांगितली, पण पगाराची फोड पाठवायची राहिली, ती माझी चूक. आत्ता मेलवर पाठवली आहे. वर्षाचे ६,६०,०००, त्यातले हातात दरमहा साधारण ४०,४००. पीएफ आमच्याकडे पूर्ण बेसिकवर जातो, त्यामुळे हातात वाढ कमी दिसते, पण पीएफमध्ये दरमहा सुमारे ३,००० जास्त जमा होतील. बोनसचं मेलमध्ये वेगळं लिहिलं आहे. नोटीस पिरियड, खोली, शिफ्ट, काहीही विचारायचं असेल तर आज किंवा उद्या तुमची शिफ्ट सुटल्यावर बोलू, वेळ तुम्ही सांगा. ही ऑफर मंगळवारी संध्याकाळी ६ वाजेपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. यायचं नसेल तर नुसतं ‘नाही’ लिहा, कारण विचारणार नाही.”

शेवटची ओळ काढू नका. भिडस्त माणसाला नाही म्हणायला जागा दिली की तो खरं बोलतो. माझ्या अनुभवात या ओळीनंतर आलेल्या उत्तरांत ‘नाही’पेक्षा ‘मॅडम, एक विचारायचं होतं’ हेच जास्त वेळा आलं आहे. आणि ‘माझी चूक’ लिहिताना संकोच करू नका. फोड पाठवायला हवी होती, ती पाठवली नाही, हे खरंच आहे.

त्यानंतर फोन एकदाच करा, तोही वेळ बघून. बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये असतो. सकाळी ११ ला केलेले तुमचे कॉल लॉकरमध्ये वाजत राहिले असतील, आणि सुटी झाल्यावर स्क्रीनवर सात मिस्ड कॉल बघून त्याला धडकीच भरली असेल. पहिली शिफ्ट असेल तर संध्याकाळी, दुसरी असेल तर सकाळी १० च्या सुमारास. तीन दिवसांत एक मेल, एक व्हॉट्सॲप, एक फोन. त्याहून जास्त नको.

मंगळवार का, तर मध्ये शनिवार-रविवार येतो आणि त्याला घरी बोलायला, जमलं तर गावी जाऊन यायला वेळ मिळतो. तारीख मात्र खरी हवी. ऑफरमध्ये मुदत लिहिलेली असेल तर ती टळल्यावर ऑफर आपोआप संपते, आणि मुदत नसेल तर ‘वाजवी काळ’ गेल्यावर संपते, असं १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. तुमच्या फोनवरच्या ऑफरला मुदतच नव्हती. वाजवी काळ म्हणजे किती यावर वाद घालत बसण्यापेक्षा तारीख लिहिलेली बरी. गप्प राहणं म्हणजे होकार, असंही कुणी धरू शकत नाही, ना तुम्ही, ना तो.

तुमचं पत्र पितृपंधरवड्यातलं आहे, हेही विसरू नका. आपल्याकडे कितीतरी घरांत या पंधरा दिवसांत नव्या कामाला होकार देत नाहीत. “पंधरवडा संपू द्या,” एवढं वडीलधाऱ्यांनी म्हटलं की विषय तिथेच थांबतो, आणि पोराला ते एचआरच्या मॅडमला सांगायला लाज वाटते. त्यातच सोयाबीनच्या काढणीचे दिवस आहेत, घरचं रान असेल तर सुट्टीला तो तिकडेच असेल. तो तसं बोलला तर घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत एकदा वाढवा. मात्र आज शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागा. ज्याला यायचं असतं तो दिवसभरात स्लिपा पाठवतो. जो पंधरवड्याचं सांगतो आणि स्लिपाही पाठवत नाही, त्याचं मन दुसरीकडे आहे असं मी समजतो. ही खूण मला क्वचितच चुकलेली आढळली.

तो जर म्हणाला की सध्याच्या कंपनीने पगार वाढवून देऊ केलाय, तर चढाओढ करू नका. त्याला इकडे का यायचं होतं एवढंच विचारा. आई-वडील जवळ हवेत म्हणून यायचं असेल तर चाकणच्या वाढीने ते मिळत नाही, आणि हे तो स्वतःच बोलेल. केवळ पैशासाठी येणार असेल तर आज तिथे थांबेल किंवा सहा महिन्यांनी तुमच्याकडून जाईल.

आता त्या जालन्याच्या मुलीबद्दल. सगळ्या पत्रात मला जास्त खटकलं ते हेच. मुलाने तुम्हाला आठ दिवस गप्प ठेवलं याचा त्रास होतोय, आणि तीच गोष्ट तुम्ही तिच्याशी करताय. “प्रोसेस चालू आहे” याचा तिने काय अर्थ घ्यायचा? तिच्याकडे दुसरी एखादी ऑफर असेल तर ती तुमच्या भरवशावर सोडेल किंवा तुमच्यावरचा भरवसा सोडेल. आज तिला फोन करा आणि सरळ सांगा: “तुमची मुलाखत चांगली झाली. आम्ही एका उमेदवाराला आधी ऑफर दिली आहे, त्याचं उत्तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत येईल. बुधवारी दुपारी १२ वाजता मी तुम्हाला फोन करेन, उत्तर काहीही असलं तरी. त्याआधी दुसरीकडून चांगली संधी आली तर आमच्यासाठी थांबू नका.” मुलाला मुदत वाढवून द्यायची वेळ आली तर त्याला हो म्हणण्याआधी हिला विचारा. ती थांबायला तयार नसेल तर वाढवू नका.

अनेकांना वाटतं की दुसरा क्रमांक कळला की उमेदवार नाराज होतो. मी असं सांगितलेल्यांपैकी बरेच जण थांबले आणि नंतर आमच्याकडे टिकले. नाराज ते झाले, ज्यांना महिनाभराने दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

आणि तिला ऑफर द्यायची वेळ आली तर पगार जागेचा द्या. त्याला ६,६०,००० सांगितले, ही जालन्यात राहते, ५,५०,००० वर तयार होईल, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोघांच्या अनुभवात खरंच फरक असेल तेवढाच फरक पगारात असू द्या.

एक काळजी मात्र घ्या. जागा एक असताना दोन ऑफरी एकाच वेळी जिवंत ठेवू नका. मंगळवारी संध्याकाळी ६ पर्यंत उत्तर आलं नाही, तर त्याला आधी हे पाठवा: “तुमचं उत्तर आलं नाही, त्यामुळे ही ऑफर आज बंद करत आहोत. पुढे कधी इकडे यायचं ठरलं तर जरूर कळवा, तुमचं काम आम्हाला आवडलं होतं.” मुदत टळली की ऑफर तशीही संपली आहे, पण हा निरोप त्याच्यापर्यंत पोचलेला असला की कुणाच्याच मनात घोळ राहत नाही. मगच मुलीला फोन. बुधवारी सकाळी त्याचं ‘मॅडम, मी येतो’ आलं तर? ते उशिरा आलेलं उत्तर आहे. मानायचं की नाही हे आता तुमच्यावर आहे, बंधन नाही. तोवर मुलीला ऑफर गेली असेल तर त्याला नम्रपणे नाही सांगा आणि त्याचा नंबर जपून ठेवा. वाळूजमध्ये क्वालिटीची जागा वर्षभरात पुन्हा निघते.

प्लांट हेडना आजच खरी स्थिती सांगा: होकार आलेला नव्हता, मंगळवार ही मुदत आहे, बुधवारी एक नाव हातात असेल. मुलाची नोटीस ६० किंवा ९० दिवसांची असेल तर दसऱ्याला नाव पक्कं होईल, माणूस मशिनपाशी उभा राहायला डिसेंबर उजाडेल, हेही त्याच बोलण्यात सांगून टाका. मुलीची नोटीस किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती कमी असेल तर प्लांट हेडना तेही कळू द्या, निवड करताना त्याचा उपयोग होतो.

मंगळवारचा कॅलेंडरचा गजर ५.४५ चा लावा, आणि बुधवारी १२ वाजता मीटिंग ठेवू नका. त्या वेळी जालन्याला एक मुलगी फोनकडे बघत बसलेली असेल.